लिपी देवनागरी, पण भाषा कुठली? मराठी पानांवरच्या `lang` खुणेची चिकित्सा

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. पडद्यावर दाखवलेले नमुने त्या त्या जागी दिले आहेत.)

आज आपण एका वेबपानाचं परीक्षण करणार आहोत. पुस्तकाचं परीक्षण करतो ना, तसंच. फक्त मजकूर अगदीच छोटा आहे. पाणीपट्टीची एक सूचना, दोन ओळींची. ती कोणाच्या संकेतस्थळावर होती हे मी सांगणार नाही, कारण अशी पानं शेकड्याने सापडतात आणि एकालाच धरून झोडपण्यात अर्थ नाही. तिचा नमुना पडद्यावर ठेवतो.

```html
<html lang="en-US">
<p>पाणीपट्टीच्या थकबाकीदारांकडून 31 मार्चनंतर
689 रुपये विलंब शुल्क आकारले जाईल.</p>
```

मराठी बरी आहे. शुद्धलेखन ठीक आहे. युनिकोडमध्ये आहे, म्हणजे जुन्या फॉन्टची भानगड नाही. तुम्हीआम्ही वाचू आणि पुढे जाऊ. मग परीक्षण कशाचं करायचं? वरच्या पहिल्या ओळीचं. तिथे या पानाने सांगितलंय की, मी इंग्रजी आहे. अमेरिकेतलं इंग्रजी.

माझे एक स्नेही आहेत, निवृत्त शिक्षक. त्यांना दिसत नाही. ते एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर वापरतात, आणि त्यात ईस्पीक एनजी या बोलणाऱ्या प्रणालीचा मराठी आवाज लावून ठेवलाय. त्यांनी मला फोन केला आणि विचारलं, "अरे, ते शुल्क नक्की किती आहे? दोनदा ऐकलं, पण आकडा हाती लागेना." मला वाटलं, घाईत असतील. मग मी त्यांच्याकडे जाऊन तेच पान त्यांच्याच संगणकावर ऐकलं.

काय होतं बघा. स्क्रीन रीडर पान उघडतो आणि `lang` वाचतो. एनव्हीडीएमध्ये भाषेप्रमाणे आवाज आपोआप बदलायची सोय आहे, आणि ती बहुतेकांकडे चालूच असते. पान म्हणालं इंग्रजी, म्हणून त्याने आमच्या गुरुजींचा मराठी आवाज बाजूला ठेवला आणि इंग्रजी आवाज घेतला. आता त्या इंग्रजी आवाजासमोर देवनागरी अक्षरं आली. ईस्पीकमध्ये यासाठी एक तरतूद आहे: चालू भाषेत न बसणारी लिपी आली, तर त्या लिपीसाठी ठरवून ठेवलेली भाषा घ्यायची. देवनागरीसाठी ठरवलेली भाषा आहे हिंदी. म्हणजे शब्द हिंदीच्या नियमांनी वाचले गेले. आणि आकडे? 31 आणि 689 हे इंग्रजी कळफलकावरचे अंक. ते देवनागरी नाहीत, म्हणून ही तरतूद त्यांना लागू होत नाही. ते इंग्रजीतच राहिले. "पाणीपट्टीच्या थकबाकीदारांकडून" हिंदी थाटात, मधेच "थर्टी वन", पुन्हा हिंदी थाटात "मार्चनंतर", मग "सिक्स हंड्रेड अँड एटी नाइन", पुन्हा हिंदी. एका वाक्यात चार वेळा भाषा पालटली. रोज स्क्रीन रीडर वापरणारी माणसं आपल्या बोलण्याच्या कितीतरी पट वेगाने ऐकतात, आणि त्या वेगात असा पालट झाला की नेमका आकडाच निसटतो. त्या सूचनेत कामाचं काय होतं? तारीख आणि रक्कम. नेमकं तेच गेलं.

ही तुलनेने बरी अवस्था हं. नंतर मी तेच पान निव्वळ इंग्रजी येणाऱ्या एका दुसऱ्या आवाजात ऐकलं. त्याला देवनागरी ठाऊकच नव्हती. त्याने फक्त एवढंच म्हटलं: "थर्टी वन. सिक्स हंड्रेड एटी नाइन." बाकी शांतता. (हशा) तुम्ही हसताय, पण ज्याच्यासमोर पडदा नाही, त्याला त्या जागी काही मजकूर होता हे कळायलाही मार्ग नाही.

आता यातली खरी गोम सांगतो. समजा, त्या पानाने `lang` लिहिलंच नसतं. मग स्क्रीन रीडरला आवाज बदलायचं कारणच उरलं नसतं. गुरुजींचा मराठी आवाज तसाच राहिला असता आणि सूचना नीट ऐकू आली असती. म्हणजे खूण नसण्यापेक्षा चुकीची खूण जास्त नुकसान करते. वाचणाऱ्याने स्वतःची सोय करून ठेवली होती, ती पानाने मोडली. गुरुजी म्हणाले, "मग मी ती आपोआप बदलायची सोय बंद करून टाकतो." करता येते. पण मग एखाद्या पानात खरोखरच इंग्रजी परिच्छेद आला, की तो मराठी आवाजात ऐकावा लागतो. चूक पानाची आणि तडजोड ऐकणाऱ्याची, असा तो व्यवहार आहे.

कोणी म्हणेल, मग तिथे `hi` घाला की, देवनागरीच आहे ना? तसं करणारी पानंही आहेत. तेही ऐकू. 31 होतो "इकतीस". ठीक, कळतं. पण 689? "छह सौ नवासी." मराठी कान "नवासी" ऐकून नव्वदीच्या आसपास कुठेतरी घुटमळतो. आपल्याकडे तो एकोणनव्वद. आपले एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणऐंशी हे सगळे हिंदीत वेगळ्या उच्चाराचे आहेत. आकडा पडद्यावर एकच असतो, उच्चार भाषेवर ठरतो, आणि भाषा कुठून कळते तर त्या दोन अक्षरांवरून. "पैसे", "ज्ञान" हे शब्दही हिंदी वळणाने येतात. ज्ञ चा ग्य होतो.

इथे एक मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर मी एकतर्फी बोलतोय असं होईल. `mr` लिहिलं की उच्चार लगेच आपल्या आजीसारखा होतो असं नाही. "चार" मधला च आणि "चांगला" मधला च वेगळे, "माझी" मधला झ आणि "माझा" मधला झ वेगळे. हा फरक आपण लिहून दाखवत नाही. तो बोलणाऱ्या प्रणालीला शब्दागणिक माहीत असावा लागतो, आणि मराठी आवाजही इथे ठेचकाळतात. पण तो आवाज तयार करणाऱ्यांचा दोष आहे, आणि तो आपण त्यांच्याकडे मांडू शकतो. `lang` चुकवलेल्या पानावर मात्र मराठी आवाजाला तोंड उघडायची संधीच मिळत नाही.

हे सगळं कशामुळे होतं, ते एका वाक्यात सांगतो. यंत्राला लिपी दिसते, भाषा दिसत नाही. देवनागरीत मराठी आहे, हिंदी आहे, नेपाळी आहे, संस्कृत आहे. गोव्यात तर एकाच कार्यालयाच्या पानावर मराठी आणि कोकणी दोन्ही देवनागरीत असू शकतात. तिथे मराठीला `mr` आणि कोकणीला `kok` असं सांगितल्याशिवाय यंत्राने ओळखायचं कसं? इंग्रजी पानाने काही सांगितलं नाही तरी बऱ्याचदा निभावतं, कारण सगळ्याची सुरुवातच इंग्रजीपासून धरलेली असते. आपल्याला ती चैन नाही. आपण गप्प राहिलो की आपल्या वतीने हिंदी बोलते.

आता कानावरून डोळ्याकडे येऊ. पुढचा नमुना बघा.

```html
<p lang="mr">लाल शाल</p>
<p lang="hi">लाल शाल</p>
```

दोन्ही ओळींत अक्षरं तीच आहेत, एका संकेताचाही फरक नाही. हे मी नोटो सान्स देवनागरी या फॉन्टमध्ये लावलंय. वरच्या ओळीतला ल बघा, दोन पाकळ्यांचा, शाळेत आपण गिरवलेला. खालच्या ओळीतल्या ल ला उजवीकडे सरळ उभा दंड आहे. श चा डावा भागही वेगळ्या वळणाने निघतो. फॉन्टमध्ये दोन्ही आकार भरलेले असतात. कुठला दाखवायचा हे ठरवायला फॉन्टच्या आत भाषांच्या खुणा असतात. मराठीची खूण `MAR`. ब्राउझर पानावरचं `mr` वाचतो, त्यावरून फॉन्टला मराठीची खूण देतो आणि फॉन्ट `locl` नावाच्या नियमाने मराठी आकार पुढे करतो. पानावर `mr` नसेल, तर फॉन्ट आपला ठरलेला आकार काढतो, आणि या फॉन्टमध्ये तो हिंदी वळणाचा आहे.

ल आणि श यांच्या या वळणांबद्दल आपल्याकडे किती वाद झाले ते तुम्हाला ठाऊक आहे. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात वर्णमालेबरोबर मराठी वळणाचे ल आणि श ठरवून दिले. आणि गंमत अशी की, ज्या पानांवर या अक्षरांच्या वळणाबद्दल तावातावाने लिहिलेलं असतं, त्यातल्या काहींचा `lang` इंग्रजी असतो, म्हणून तो सगळा मजकूर हिंदी वळणाच्या ल मध्ये दिसतो. वाचक फॉन्टला नावं ठेवतात. फॉन्ट बिचारा सांगितलेलं ऐकतोय.

अर्थात फॉन्टमध्ये तो नियम असायला हवा. काही फॉन्टांत एकच आकार असतो, मग तुम्ही काहीही लिहा, फरक पडत नाही. म्हणून कुठलाही देवनागरी फॉन्ट मराठी पानासाठी निवडण्याआधी ही "लाल शाल" चाचणी करायची. दोन ओळी सारख्या दिसल्या आणि दोन्ही हिंदी वळणाच्या असल्या, तर तो फॉन्ट मराठी मजकुरासाठी घेऊ नये असं माझं मत आहे. दोन्ही मराठी वळणाच्या असल्या तर हरकत नाही. आणि दोन ओळी वेगळ्या दिसल्या, पण तुमच्या खऱ्या पानावर मात्र ल दंडाचाच येतोय, तर दोष फॉन्टचा नाही, वरच्या पहिल्या ओळीचा आहे.

एक गैरसमज इथेच दूर करतो. "दऱ्या" आणि "दर्या" यांतला फरक `lang` ने येत नाही. तो टंकलेखनातच करावा लागतो, कारण तिथे अक्षरांचा क्रमच वेगळा आहे. `lang` ने आकार निवडला जातो, चुकलेलं टंकन दुरुस्त होत नाही.

तिसरी गोष्ट, शब्द तोडण्याची. मोबाईलवर ओळ अरुंद असते आणि आपले शब्द लांब, कारण आपण प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं जोडून लिहितो. आपल्या सूचनेतलाच शब्द घ्या, "थकबाकीदारांकडून". दोन्ही कडा सरळ ठेवलेल्या मजकुरात हा शब्द ओळीत मावला नाही, की अख्खा खाली जातो आणि वरच्या ओळीत उरलेले दोन-तीन शब्द ताणून बसवले जातात. मधे अशा भेगा पडतात की वाचताना नजर त्यात घसरते. वर्तमानपत्रांच्या अरुंद रकान्यांत शब्द तोडून पुढे छोटी रेघ देतात, तेच काम ब्राउझर `hyphens: auto` ने करू शकतो. पण कुठे तोडायचं याचे नियम तो भाषेप्रमाणे उचलतो. पान इंग्रजी असेल तर इंग्रजीचे नियम लागतात, आणि त्यांत देवनागरी अक्षर एकही नाही. परिणाम? काहीच तुटत नाही. लोक म्हणतात, "ही सोय मराठीला चालत नाही." मी कितीतरी जणांकडून हे ऐकलंय. बऱ्याच वेळा नुसतं `mr` करून बघा म्हटलं, की शब्द तुटायला लागतात. सगळ्याच ब्राउझरांकडे मराठीचे नियम नसतात, तेव्हा ज्या ब्राउझरवर तुमचे वाचक आहेत त्यावर प्रत्यक्ष बघायचं.

आणि नियम आहेत ते कसे आहेत? टेक या अक्षरजुळणी प्रणालीसाठी संतोष तोट्टिंगल यांनी भारतीय भाषांचे असे नियम तयार केले, त्यांत मराठीही आहे. त्यांचं तत्त्व सोपं आहे: जोडाक्षर फोडायचं नाही, काना-मात्रा-वेलांटी व्यंजनापासून सुटी करायची नाही, अनुस्वार मागे सोडायचा नाही. बाकी प्रत्येक अक्षरानंतर तोडायला मुभा. म्हणजे आपला शब्द असा तुटू शकतो: थ-क-बा-की-दा-रां-क-डू-न. यांतल्या "थकबाकी-दारांकडून" आणि "थकबाकीदारां-कडून" या जागा उत्तम. पण "थकबाकीदारांकडू-न"? ओळीच्या शेवटी "कडू" आणि पुढच्या ओळीत एकटा "न". (हशा) नियमांना अक्षर कळतं, शब्द कळत नाही. हा त्या नियमांचा अपुरेपणा आहे आणि तो मान्य करायला हवा. ब्राउझर स्वतःहून काही मर्यादा पाळतात, पण आपणही त्यांना सांगू शकतो.

```css
p:lang(mr) {
  hyphens: auto;
  hyphenate-limit-chars: 8 3 3;
}
```

म्हणजे शब्द किमान आठ अक्षरांचा असेल तरच तोड, आणि तोडण्याआधी व नंतर किमान तीन अक्षरं ठेव. हे आकडे पक्के नाहीत. आपल्या रकान्यावर लावून बघायचे आणि कमीजास्त करायचे. तरीही तुटणं खटकत असेल, तर सरळ डावीकडून जुळवलेला मजकूर ठेवा. मोबाईलवर मी स्वतः तेच करतो. काही जण हाताने शब्दाशब्दांत अदृश्य रेघा पेरतात. ते टाळा. ब्राउझरने दाखवलेली रेघ मजकुरात नसते, तुम्ही पेरलेली मात्र मजकुरात राहते आणि शोधताना, नक्कल करताना त्रास देऊ शकते.

आता परीक्षणाचा शेवटचा भाग: दोष कोणाचा? मला सुरुवातीला वाटायचं, निष्काळजीपणा. पण जरा खोलात गेल्यावर कारण वेगळंच निघालं. पुष्कळ मराठी पानं वर्डप्रेसवर आहेत. वर्डप्रेस पानाचा `lang` संकेतस्थळाच्या भाषेवरून लिहितो. ती भाषा मूळ `en-US` असते. ती मराठी केली की आतलं कामकाजाचं दालनही मराठी होतं, "डॅशबोर्ड", "पब्लिश" वगैरे सगळं. काम करणाऱ्याला इंग्रजी बटणांची सवय असते, तो वैतागतो आणि पुन्हा इंग्रजी करून टाकतो. बटणं त्याच्या सोयीची होतात, पण पान जगाला इंग्रजी म्हणून सांगत राहतं. यावर उपाय आहे: संकेतस्थळाची भाषा मराठी ठेवायची आणि स्वतःच्या प्रोफाइलमध्ये आपल्यापुरती इंग्रजी निवडायची. २०१६ मधल्या ४.७ या आवृत्तीपासून ही सोय आहे. फक्त माहीत नसते.

दुसरं कारण म्हणजे तपासणी. सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत पानाची भाषा सांगणं ही अगदी प्राथमिक पातळीची अट आहे, ३.१.१ क्रमांकाची. पण आपोआप तपासणारी साधनं काय बघतात? `lang` आहे का आणि तो वैध आहे का. `en-US` आहे, वैध आहे, उत्तीर्ण! मजकूर मराठी आहे हे बघायला कोणी बसलेलं नाही. आमच्या त्या पाणीपट्टीच्या पानाला या कलमात पूर्ण गुण मिळतील. म्हणून माझी टीका पान लिहिणाऱ्यावर कमी आहे, तो अहवाल दाखवून काम संपलं म्हणणाऱ्यांवर जास्त आहे. पाच मिनिटं ऐकलं असतं तरी कळलं असतं.

एक-दोन प्रश्न आलेत, ते घेतो.

"`mr-IN` लिहावं की `mr`?" दोन्ही चालतात, `mr` पुरेसं आहे. `mr_IN` असं खालची रेघ देऊन लिहू नका, ती संगणकाच्या इतर ठिकाणची रीत आहे. `marathi` किंवा `ma` हेही चूक. मराठी रोमन लिपीत लिहिली असेल तर `mr-Latn`.

"पानात इंग्रजी शब्द असतील तर?" मराठीत रुळलेल्या, देवनागरीत लिहिलेल्या शब्दांना काही करू नका. "मोबाईल" हा मराठी आवाजातच वाचला जावा. पण इंग्रजी लिपीतलं अख्खं वाक्य किंवा दुवा असेल, तर तेवढ्यालाच वेगळी खूण द्या.

```html
<html lang="mr">
<a href="/en/" lang="en">English</a>
```

आणि आपलं पान काय म्हणतंय हे कसं बघायचं? ब्राउझरच्या कन्सोलमध्ये `document.documentElement.lang` टाका, उत्तर समोर येतं. पण ते पुरेसं समजू नका. एनव्हीडीए फुकट मिळतो. तो उतरवून घ्या, पडदा बंद करा आणि आपल्याच पानावरचा एखादा आकडा ऐका. आमच्या गुरुजींचं पुढे काय झालं, असं कोणीतरी विचारलंय. त्या संस्थेला आम्ही पत्र लिहिलं, सोबत त्या पानाचं ध्वनिमुद्रण जोडलं. पुढच्या वेळी गुरुजींनी पान उघडलं, तेव्हा आवाज त्यांचाच होता आणि रक्कम होती "सहाशे एकोणनव्वद". मला फोन करून ते एवढंच म्हणाले, "शुल्क कळलं. भरायचं मात्र तेवढंच आहे."